पाठवला, पोचला, टिकला? गृहपाठाच्या फोटोंच्या नोंदी

२ जुलै

वर्गात मुलं चाळीस. वह्या तपासायला घेतल्या की त्या संध्याकाळी मुलांच्या हातात काहीच उरत नाही, म्हणून या सत्रात गणिताच्या गृहपाठाचे फोटो मागवायचे ठरवलं. सुरुवात पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर. सगळ्यांकडे ते आहेच आणि नवीन काही शिकवावं लागत नाही, एवढाच विचार.

ज्यांना असंच काही सुरू करायचंय त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतेय. शेवटी पालकांना एक चिठ्ठी द्यायची आहे: फोटो खरोखर पोचला का आणि नंतर जागेवर राहिला का, हे घरी कसं बघायचं. चिठ्ठी कोऱ्या कागदावर लिहिता येईना. आधी फोटो नेमके कुठे अडकतात आणि कुठे गायब होतात ते कळायला हवं.

४ जुलै

टिकांवरून गोंधळ. एका आईचा निरोप: "बाई, सकाळपासून एकच टिक दिसतेय, पुन्हा पाठवू का?" त्यांनी पुन्हा पाठवला, मग तिसऱ्यांदाही. माझ्याकडे तिन्ही वेळा आला होता.

गटात दुसरी टिक तेव्हाच येते जेव्हा गटातल्या प्रत्येकाच्या फोनवर मेसेज पोचलेला असतो. चाळीस घरांपैकी एकाचा फोन बंद असला तरी सगळ्यांना एकच टिक दिसत राहणार. म्हणजे गटातली एक टिक हे काळजीचं कारण नाही. काळजी घड्याळाच्या चिन्हाची करायची. घड्याळ दिसतंय तोवर फोटो पालकांच्याच फोनमध्ये आहे, बाहेर पडलेलाच नाही.

माझ्यापर्यंत पोचला का हे बघायचं असेल तर आपला मेसेज दाबून धरायचा आणि त्याची माहिती उघडायची. तिथे कुणाकुणाला पोचला आणि कुणी पाहिला त्यांची नावं येतात. त्यात माझं नाव दिसलं की झालं. हे गटावर लिहिलं. वाचलं किती जणांनी देव जाणे, कारण माझा मेसेज पुढच्या अर्ध्या तासात फोटोंखाली गाडला गेला.

५ जुलै

शनिवारी निवांत तपासू म्हणून ठेवलेले कालचे फोटो गटात नाहीत. नुसते फोटोच नाहीत असं नाही, मेसेजसकट सगळं साफ.

वर सरकत गेल्यावर एक बारीक ओळ सापडली. गटातल्या कुणीतरी मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय सुरू केली होती, तीही २४ तासांची. ॲडमिनने बंधन घातलं नसेल तर गटातला कोणताही सभासद हे करू शकतो. ज्यांनी केलं त्यांचा हेतू साधा होता, रोजच्या शे-सव्वाशे फोटोंनी त्यांचा फोन भरत होता. माझ्या फोनवर फोटो आपोआप उतरवून घेणं बंद होतं, त्यामुळे जे उघडले नव्हते ते मेसेजबरोबरच गेले. ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच गॅलरीत उतरले होते त्यांच्याकडे अजून आहेत.

ती सोय बंद केली आणि गटाची सेटिंग फक्त ॲडमिनला बदलता येतील असं केलं. पण तपासायचं काम गप्पांच्या जागी ठेवायचंच नाही, हे आज पक्कं झालं. गट निरोपांपुरता.

७ जुलै

गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर उघडला, आत रोजच्या तारखेचा उपफोल्डर. पालकांना लिंक दिली. फोटो टाकता यावेत म्हणून सगळ्यांना संपादनाचा अधिकार दिला, कारण नुसत्या बघण्याच्या अधिकारात फाइल टाकता येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे हाच नडणार आहे.

पहिल्या दिवशी छान वाटलं. तारखेवर टिचकी मारली की सगळ्या वह्या समोर.

१० जुलै

हजेरी क्रमांक ३१ चे फोटो सोमवारपासून नाहीत. वडील म्हणाले रोज टाकतोय. आज दुपारी एकदम सगळ्या दिवसांचे फोटो येऊन पडले, एकामागोमाग, काही मिनिटांत.

हा एकगठ्ठा येण्याचा प्रकारच कारण सांगून जातो. ड्राइव्हच्या ॲपमध्ये "Transfer files only over Wi-Fi" असा पर्याय असतो. तो चालू असला की मोबाइल डेटावर टाकलेला फोटो रांगेत थांबतो. घरी वाय-फाय नाही, फोन रोज डेटावर. आज ते नातेवाइकांकडे गेले, तिथलं वाय-फाय मिळालं आणि साचलेलं सगळं सुटलं. फोनवर "वाय-फायची वाट बघतोय" अशी सूचना येत असणार, पण सूचनांच्या ढिगात ती कोण वाचतं.

ओळखायची युक्ती सोपी निघाली. ॲपमध्ये न बघता फोनच्या ब्राउझरमध्ये drive.google.com उघडायचं आणि तोच फोल्डर बघायचा. रांगेत अडकलेली फाइल फक्त त्या फोनच्या ॲपला माहीत असते, ब्राउझरमध्ये ती दिसूच शकत नाही. ब्राउझरमध्ये दिसली तर खरोखर वर गेलेली आहे. वडिलांना फोनवर सांगून तो पर्याय बंद करायला लावला, त्याच संध्याकाळचा फोटो वेळेवर आला.

१५ जुलै

आजची नोंद लांब होणार, कारण सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि चिठ्ठीचा गाभाही इथेच सापडला.

काल संध्याकाळी मी क्रमांक १७ चे तीन फोटो स्वतः पाहिले होते. आज तपासायला बसले तर ते नाहीत. १८, १९ आणि २२ चेही नाहीत. १७ च्या आईला विचारलं. त्यांनी लगेच आपल्या फोनचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यांच्या ड्राइव्हमध्ये तिन्ही फोटो व्यवस्थित दिसत होते. "मॅडम, मी स्वतः टाकलेत, हे बघा, अजून आहेत." आणि माझ्याकडे फोल्डरमध्ये ते नाहीत. दोघींचंही बरोबर होतं, म्हणूनच बोलणं पुढे सरकेना.

घडलं होतं ते असं. ड्राइव्हमध्ये फाइलचा मालक तो, ज्याने ती टाकली. फोल्डर माझा असला तरी फोटो १७ च्या आईच्या मालकीचे. संपादनाचा अधिकार असलेला दुसरा कुणीही ते फोटो या फोल्डरमधून काढू शकतो. पण काढले म्हणून ते नष्ट होत नाहीत. ते मालकाच्या "My Drive" मध्ये जाऊन पडतात. म्हणजे मालकाला फाइल दिसत राहते, नावही तेच, फोटोही तोच, फक्त जागा बदललेली. आपली वस्तू दुसऱ्याने आपल्याच घरी परत आणून टाकावी आणि आपण ती अजून शाळेतच आहे असं समजावं, तसं.

कोणी काढले हे शोधायला फोल्डरची "Activity" उघडली. रात्री साडेअकराच्या सुमारास एका पालकाच्या खात्यावरून एकामागून एक फायली काढल्याचं तिथे लिहिलं होतं. त्यांना खाजगीत विचारलं. ते अवघडले. त्यांना वाटलं, इतर मुलांचे फोटो आपल्या फोनची जागा खातायत, म्हणून आपल्या मुलाचे ठेवून बाकीचे काढायला घेतले आणि मध्येच झोप आली. खरं तर दुसऱ्याच्या मालकीची फाइल सामाईक फोल्डरमध्ये असली तरी ती मालकाच्याच साठवणुकीत मोजली जाते. त्यांच्या फोनची जागा एका फोटोनेही अडली नव्हती. नाव गटावर घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती.

१७ च्या आईला मग एकच गोष्ट बघायला सांगितली: फोटोशेजारच्या तीन ठिपक्यांवर जाऊन तपशील उघडा आणि "Location" समोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे तारखेच्या फोल्डरचं नाव नव्हतं, "My Drive" होतं. त्यांच्या लक्षात यायला त्यानंतर काही समजवावं लागलं नाही. तीन ठिपक्यांतूनच "Move" निवडून त्यांनी तिन्ही फोटो परत फोल्डरमध्ये हलवले. पुन्हा काढायची, पुन्हा चढवायची गरज पडली नाही.

आपल्या फोनमध्ये फोटो दिसणं हा पोचल्याचा पुरावा नाही आणि टिकल्याचा तर नाहीच. पालक प्रामाणिक असतात, स्क्रीनशॉट खरा असतो, पण तो चुकीच्या बाजूचा असतो. पावती घेणाऱ्याच्या बाजूची लागते.

१७ जुलै

फोल्डरचा अधिकार आवळायचा प्रयत्न केला. बघण्याचा दिला तर कुणालाच फोटो टाकता येत नाही, संपादनाचा दिला तर कुणीही कुणाचंही काढू शकतं. "टाका, पण दुसऱ्याचं काढू नका" अशी मधली पायरी साध्या सामाईक फोल्डरमध्ये नाही. प्रत्येक मुलाला वेगळा फोल्डर देता येतो, पण चाळीस फोल्डर, चाळीस लिंका आणि "बाई, माझी लिंक हरवली". नको.

शेवटी गूगल फॉर्म. त्यात फाइल चढवण्याचा प्रश्न टाकता येतो. फोटोची प्रत थेट माझ्या ड्राइव्हमध्ये येते, माझ्या मालकीची होते आणि पाठवणाऱ्याचं नाव फाइलच्या नावाला जोडलं जातं. पालकाने नंतर आपली गॅलरी साफ केली तरी माझ्याकडच्या प्रतीला धक्का लागत नाही. एका पालकाला दुसऱ्याचं काही दिसतही नाही. अट एकच, फोनवर गूगलचं खातं उघडलेलं हवं. आमच्या वर्गात सगळ्यांकडे आहे, पालकांचंच.

फॉर्म बनवताना तीन ठिकाणी हात लावावा लागला. एका प्रश्नात किती फायली, हे मुळात १ असतं. ते ५ केलं, नाहीतर तीन पानांतलं पहिलंच येईल. "एका व्यक्तीचा एकच प्रतिसाद" हा पर्याय बंद ठेवला, कारण खातं पालकांचं आणि गृहपाठ रोजचा. वर्गात एक जुळी जोडीही आहे. प्रतिसादाची प्रत मेलवर पाठवण्याचा पर्याय "Always" केला.

२१ जुलै

फॉर्म सुरू. पहिलाच घोळ असा की काहींनी फोटो चढवला, पट्टी पूर्ण झालेली पाहिली आणि फोन खिशात टाकला. खालचं "Submit" राहिलं. ते दाबल्याशिवाय माझ्याकडे काही येत नाही. दाबल्यावर "Your response has been recorded." अशी ओळ येते. ती वाचेपर्यंत पान बंद करायचं नाही, एवढं गटावर लिहिलं. या वेळी एकाच वाक्यात, आणि बहुतेकांनी वाचलं.

२३ जुलै

संध्याकाळी सातला फोन सुरू. "बाई, तुम्ही फॉर्म बंद केलात का?" मी काहीच केलं नव्हतं.

हिशेब नंतर मांडला तो आधी मांडायला हवा असा आहे, म्हणून इथे देते. हल्लीच्या फोनचा एक फोटो साधारण ४ एमबी. पानं तीन, मुलं चाळीस. दिवसाला ४८० एमबी. फॉर्ममध्ये सगळ्या फायली मिळून मर्यादा मुळात १ जीबी असते. दोन दिवसांत ९६० एमबी झाले, तिसऱ्या दिवशी पाच-सहा मुलांचे मावले आणि फॉर्मने प्रतिसाद घेणं थांबवलं. मुलांची सगळी पानं तयार होती, दारच बंद.

मर्यादा १० जीबी केली. पण आकडा वाढवला म्हणून जागा वाढत नाही. फुकटच्या खात्यात एकूण १५ जीबी, त्यात माझे मेल आणि माझे फोटोही आले. याच गतीने १० जीबी जवळपास वीस शाळेच्या दिवसांत भरणार. तेव्हा महिनाअखेरीला तपासून झालेले फोटो संगणकावर उतरवून घेणं आणि मग ड्राइव्ह मोकळं करणं हा कामाचाच भाग समजायचा.

पालकांना "फोटो लहान करा" असं सांगायचा मोह झाला होता. सांगितलं नाही. पेन्सिलीने लिहिलेली वजाबाकी आधीच फिकी असते, त्यात फोटो दाबला की हातचा दिसत नाही.

२६ जुलै

क्रमांक २३. तीन फायली आल्या, संख्या बरोबर, पावतीही गेली. उघडून बघितल्यावर कळलं की दुसरं पान दोनदा आहे आणि तिसरं नाही. गॅलरीत निवडताना जवळजवळ सारखे दिसणारे दोन फोटो, बोट चुकीच्या फोटोवर पडलं.

नुसती संख्या मोजून हे पकडता येत नाही. आता मुलांना सांगितलंय की फोटो काढण्याआधी पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, हजेरी क्रमांक आणि "३ पैकी १", "३ पैकी २" असं लिहायचं. वहीवरच लिहिलेलं असल्यामुळे ते फोटोबरोबरच जातं, फाइलचं नाव काहीही असो. मलाही एका नजरेत कळतं काय राहिलं. मुलांना हा प्रकार आवडलाय, काहींनी "१ पैकी १" ला चौकट काढायला सुरुवात केलीय.

३० जुलै

पालकांच्या चिठ्ठीचा पहिला मसुदा दोन पानी झाला. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी चाळून विचारलं, "हे तुम्ही तरी पूर्ण वाचाल का?" टिका, वाय-फाय, मालकी, सगळं काढलं. जे आता फॉर्ममुळे लागूच नाही ते पालकांना कशाला सांगायचं. उरलं ते असं:

> पालकांस नमस्कार,
>
> गृहपाठाचा फोटो फॉर्मवर चढवल्यावर "Submit" दाबा आणि "Your response has been recorded." ही ओळ दिसेपर्यंत पान बंद करू नका. ती ओळ दिसली नाही तर फोटो माझ्याकडे आलेला नाही, जरी तो तुमच्या फोनमध्ये दिसत असला तरी.
>
> पाठवण्याआधी निवडलेले फोटो एकेक उघडून कोपऱ्यातला "३ पैकी १, २, ३" हा क्रम बघा.
>
> रात्री नऊला मी तुम्हाला पोचलेल्या पानांचा आकडा कळवीन. तो वहीतल्या पानांशी जुळवा. जुळला नाही, किंवा आकडाच आला नाही, तर मला त्याच रात्री एवढंच लिहा: क्रमांक, तारीख, किती पानं पाठवली.
>
> आकडा जुळेपर्यंत गॅलरीतले फोटो पुसू नका. जुळल्यावर खुशाल पुसा. वही मात्र सत्र संपेपर्यंत जपून ठेवा.

रात्रीच्या आकड्याचं ओझं मी घेतलं, कारण त्याच्याशिवाय चिठ्ठी म्हणजे "नीट बघा" एवढंच झालं असतं. पालकाला माझ्या बाजूचं दिसत नाही, ते मीच दाखवायला हवं. फॉर्मच्या मेलवर येणाऱ्या प्रतीवर भिस्त ठेवली नाही. ती जाते फोनवरच्या खात्यावर, आणि बऱ्याच घरी ते खातं फोन घेताना कुणीतरी उघडून दिलेलं असतं. त्याचा मेल कोणी उघडत नाही.

४ ऑगस्ट

आकडे आधी गटावर टाकत होते, क्रमांक आणि पानं अशी यादी. एका वडिलांनी स्पष्ट सांगितलं की समोर शून्य लिहिलेलं सगळा वर्ग बघतो, आणि त्या दिवशी मूल आजारी होतं हे कुणाला दिसत नाही. मुद्दा रास्त आहे. आता व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवरून "आजचे आकडे पाठवतेय" एवढं जातं आणि आकडा ज्याचा त्याला स्वतंत्र. पंधरा मिनिटं जातात. प्रतिसादांच्या तक्त्यात क्रमांकावरून क्रम लावला की मोजणी पटकन होते. एकाच क्रमांकाच्या दोन ओळी दिसल्या तर बहुधा पालकाने शंका येऊन पुन्हा पाठवलेलं असतं. तेव्हा दोन्ही उघडून बघते, आकडे बेरजेने वाढवत नाही.

ब्रॉडकास्टमध्ये एक खाच आहे. ज्यांनी माझा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना तो निरोप जातच नाही. तीन घरं अशी निघाली. नंबर साठवून घेतला.

८ ऑगस्ट

जुलैचे फोटो संगणकावर उतरवले. पुसण्याआधी दोन्हीकडच्या फायलींची संख्या जुळवली आणि प्रत्येक तारखेतले दोन-तीन फोटो उघडून पाहिले, कारण अर्धवट उतरलेली फाइलही यादीत नावाने दिसते. मगच ड्राइव्हमधले ट्रॅशमध्ये टाकले. ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतात आणि तोवर जागाही अडवतात, त्यामुळे लगेच जागा हवी असेल तर ट्रॅश रिकामा करावा लागतो. मी केला नाही, अजून जागा आहे. प्रतिसादांच्या तक्त्यातल्या जुलैच्या लिंका मात्र ट्रॅश रिकामा झाला की कायमच्या मरतील, म्हणून त्या तक्त्यात "संगणकावर, जुलै" असा रकाना घातला.

अजून सुटलेलं नाही ते जुळ्यांचं. खातं एकच असल्यामुळे दोघांच्या फायलींना तेच नाव जोडलं जातं. फॉर्ममध्ये हजेरी क्रमांक विचारतो, पण घाईत आई दोघांना एकच क्रमांक टाकते. क्रमांक लिहायला लावण्याऐवजी यादीतून निवडायला लावून बघितलं, फरक पडला नाही. सध्या पानाच्या कोपऱ्यातला क्रमांक बघूनच त्यांचे आकडे मोजतेय.